गहू बंद केला, पण ज्वारी कुठल्या चक्कीवर दळली?

प्रश्न: मी २७ वर्षांची, राळेगाव तालुक्यातल्या खेड्यात राहते. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला गव्हातलं ग्लुटेन चालत नाही, गहू बंद करा. तेव्हापासून पोळी सोडली, ज्वारीची भाकर खाते. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं, आता पुन्हा पोट फुगते, पातळ होते. आठवडी बाजारातून आणि गावातल्या किराणा दुकानातून काय घ्यावं, काय नाही? सॉसमध्ये आणि चिवडा-शेवेतही गहू असतो म्हणतात, ते खरं आहे का?

उत्तर:

ताई, आधी तुमची फाईल काढा आणि रक्ताच्या तपासणीत ‘टीटीजी’ नावाची चाचणी झाली आहे का ते पाहा. ती वाढलेली असेल, किंवा दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासून त्यात इजा दिसली असेल, तर तुमचा आजार बहुतेक सीलिएक आहे, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा, आणि मग चिमूटभर गव्हालाही मोजावं लागतं. नुसत्या लक्षणांवरून गहू बंद करायला सांगितला असेल तर डॉक्टरांना पुन्हा भेटा. ही तपासणी माणूस गहू खात असतानाच खरं सांगते, बंद केल्यावर काही महिन्यांनी ती नॉर्मल येऊ शकते आणि निदान लटकून राहतं. तपासणीसाठी पुन्हा गहू खायचा का, किती आणि किती दिवस, हे मात्र डॉक्टरांनीच सांगायचं. स्वतःहून सुरू करू नका. पुढचं सगळं मी सीलिएक आहे असं धरून लिहिते, कारण पंधरा दिवस बरं वाटून पुन्हा तोच त्रास होणं, हे मी आमच्याकडे फार पाहिलं आहे आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं.

ती जागा म्हणजे चक्की.

तीन वर्षांपूर्वी दारव्ह्याकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या. वय ३१, निदान होऊन सहा महिने झालेले, पोळी-बिस्कीट काटेकोर बंद. तरी हिमोग्लोबिन ८ च्या वर जात नव्हतं आणि टीटीजी अजून मर्यादेच्या कितीतरी पट. घरचे वैतागले होते, सासूबाईंना वाटे की सून चोरून पोळी खाते. मी त्यांना सांगितलं, पुढच्या खेपेला घरातलं जे जे तुमच्या तोंडात जातं ते सगळं पिशवीत भरून आणा, मसाल्याच्या रिकाम्या पुड्यांसकट. त्यांनी आणलं. हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं, आणि अशक्तपणासाठी भावाने आणून दिलेल्या ‘ताकदीच्या’ पावडरीत माल्ट होतं, ते जवाचं, आणि जवातही ग्लुटेन असतं. दोन्ही चूक होती, पण त्या बाई रोज तीन भाकरी खात होत्या आणि ज्वारी गावातल्या एकुलत्या एक चक्कीवर दळत होती. सकाळपासून गहू, मधे कुणाची ज्वारी, पुन्हा गहू. तेच दगड, तीच पेटी, तेच कापडी तोंड.

आता हिशेब करून बघा, म्हणजे कशाची किती भीती बाळगायची ते कळेल. १०० ग्रॅम कणकेत साधारण ८ ग्रॅम तरी ग्लुटेन असतं. तुमच्याआधी कुणाचे गहू दळले आणि दगडांच्या फटीत, पेटीच्या कोपऱ्यात फक्त ५० ग्रॅम, म्हणजे मूठभर, कणीक राहिली. ती तुमच्या १० किलो ज्वारीच्या पिठात मिसळली. म्हणजे ४ ग्रॅम ग्लुटेन १० किलोत, किलोला ४०० मिलिग्रॅम. कायद्याने ‘ग्लुटेन फ्री’ लिहायला परवानगी किलोला २० मिलिग्रॅमपर्यंतच आहे, म्हणजे तुमचं पीठ त्याच्या वीसपट झालं. दिवसाला २५० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर १०० मिलिग्रॅम पोटात. सीलिएकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत असलं तर चालून जातं, आणि ५० मिलिग्रॅम रोज गेलं तर आतड्याला इजा होते. आता हिंग. पाव ग्रॅम चिमूट, त्यात निम्मं गव्हाचं पीठ धरलं तर १० मिलिग्रॅम ग्लुटेन अख्ख्या भाजीत, चार माणसांत वाटल्यावर तुमच्या वाट्याला अडीच. हिंग सोडायचाच आहे, पण हिंगाच्या डबीकडे बोट दाखवून ज्वारी तशीच दळून आणायची, असं बऱ्याच घरांत होतं, म्हणून हे आकडे मांडले.

एक गैरसमज इथेच मिटवते. भाजून, उकळून, तळून ग्लुटेन जात नाही. भाकर तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी त्यातली कणीक तिथेच असते.

मग दळणाचं काय करायचं? घरात जमत असेल तर छोटी घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका, पाहुणे आले तरी नाही. सेकंडहँड घेत असाल तर आधीच्या मालकाने त्यात गहू दळला आहे हे धरूनच चाला. कुंच्याने आणि शक्य असेल तर हवा मारून साफ करा, मग दोन-तीन किलो तांदूळ दळून ते पीठ गुरांना घाला. तेवढा खर्च झेपत नसेल तर चक्कीवाल्या दादांशी बोला. पुष्कळ चक्क्यांवर गव्हाचा दगड वेगळा आणि डाळ-ज्वारीचा वेगळा असतो. नसेल तर सकाळी पहिलं दळण तुमचं ठेवायला सांगा, पेटी झाडून घ्या आणि पहिलं दोन किलो पीठ घरच्या इतर माणसांच्या भाकरीला वेगळं काढा, तुमचं त्यानंतरचं. यातून धोका कमी होतो, संपत नाही, कारण चक्कीच्या हवेतच कणीक तरंगत असते. दारव्ह्याच्या त्या बाईंनी घरातलं जुनं जातं काढलं, ज्यावर आजेसासूने सगळंच दळलं होतं. ते धुऊन, टाकी लावून घेतलं, वर तांदूळ दळून फेकला. महिनाभर रोज हाताने दळलं. मग त्यांच्या मिस्टरांनीच घरघंटी आणली, कारण बायकोसाठी पहाटे दळायला बसणं त्यांच्या अंगावर आलं.

घरघंटी येईपर्यंत पिठाचं काहीच खाऊ नका असं मी सांगते. भात, पोहे, मुरमुरे, साबुदाणा, अख्खी भगर, डाळी, उसळी, भाज्या. महिनाभर असं राहून पोट शांत झालं, तर दोष चक्कीचा होता हे तुम्हाला स्वतःच्या पोटावरून कळेल. भात खाऊनही त्रास तसाच राहिला, तर दुधाचं प्रमाण बघा. आतड्याला इजा झालेली असताना दूध पचवणारं रसायन कमी पडतं आणि तेही पोट फुगवतं. बरं झाल्यावर पुष्कळांना दूध पुन्हा चालतं.

आता बाजार. आठवडी बाजारात सुट्टं धान्य घ्यायचं तर अख्खं घ्या, पीठ किंवा भरड घेऊ नका. ज्वारीत गव्हाचा दाणा असतो, एकाच मळणीयंत्रातून किंवा एकाच मापातून येतो. पण दाणा दिसतो, निवडता येतो, पिठात दिसत नाही. सुपावर घेऊन निवडा, धुवा, वाळवा. रेशनच्या तांदळालाही हेच, गहू त्याच काट्यावर तोललेला असतो. त्या तांदळात वेगळ्या रंगाचे, थोडे गुळगुळीत दाणे दिसले तर घाबरू नका. ते फोर्टिफाइड दाणे आहेत, तांदळाच्याच पिठात लोह वगैरे घालून केलेले. तुम्हाला रक्त कमी असेल तर ते निवडून फेकू नका, एवढंच. आमच्याकडे लोक त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणून कोंबड्यांना घालतात.

बेसन बाजारातून सुट्टं घेऊ नका. चण्याची डाळ आणा आणि घरच्या मिक्सरमध्ये थोडी थोडी फिरवा, झुणक्याला आणि पाटवडीला पुरते. चाळण नवी घ्या, कणकेची वापरू नका. चाळणीच्या जाळीत अडकलेली कणीक धुऊनही निघत नाही. तिखट, हळद, धणे अख्खे आणून कुटा. सुट्ट्या मसाल्यात पीठ मिसळलेलं असू शकतं आणि ते ओळखायला तुमच्याकडे साधन नाही.

नावांत गडबड होते म्हणून सांगते. जवस वेगळं आणि जव वेगळं. जवसाची चटणी बिनधास्त खा, त्यात ग्लुटेन नाही. जव म्हणजे बार्ली, त्यात असतं. सातूचं पीठ म्हणून जे मिळतं त्यात बहुधा भाजलेले गहू किंवा जव असतात, चणाडाळीबरोबर. खपली गहू हा गहूच आहे, ‘जुनं देशी वाण पचतं’ असं कुणी कितीही सांगितलं तरी. आणि उन्हाळ्यातलं वाळवण: कुरड्या गव्हाच्या चिकाच्या, शेवया रव्या-मैद्याच्या, सरगुंडे गव्हाचे. माहेरून डबा भरून येतो आणि त्यात गहू आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण दिसायला कुरडई पांढरी. तांदळाच्या कुरड्या, साबुदाण्याच्या पापड्या, आलूचा कीस हे चालतं, पण आईला सांगा की त्याच खाटेवर शेवयांशेजारी वाळत घालू नका.

आता किराणा दुकान, आणि तुम्ही विचारलेले सॉस.

पुडा हातात घेतला की समोरची बाजू वाचूच नका. ‘ज्वारीची बिस्किटं’, ‘नाचणीयुक्त’, ‘मल्टीग्रेन’, ‘नो मैदा’ यातलं काहीच तुमच्या कामाचं नाही. ज्वारीच्या बिस्किटांत बरेचदा पहिला घटक गव्हाचं पीठच असतो, ज्वारी चवीपुरती. ‘नो मैदा’ म्हणजे कणीक वापरली आहे असा अर्थ निघू शकतो. हिरवा ठिपका शाकाहारीचा, त्याचा ग्लुटेनशी संबंध नाही. पुडा उलटा करा, घटकांची यादी शोधा आणि तिच्या खाली किंवा शेजारी ‘कन्टेन्स’ असं सुरू होणारी ओळ शोधा. गहू, जव, राय नावाचं धान्य, ओट्स यांपैकी काही घातलेलं असेल तर आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ते तिथे सांगावं लागतं. तिच्या पुढे ‘मे कन्टेन व्हीट’ असेल तर त्याच कारखान्यात गहू हाताळला जातो. निदान झाल्यापासून पहिलं वर्षभर असा पुडा मी परत ठेवायला लावते. शाळेत जाणाऱ्या कुणाकडून वहीत हे शब्द मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून घ्या: व्हीट, बार्ली, राय, ओट्स, माल्ट, सेमोलिना, ग्लुटेन. दुकानात वही समोर धरून अक्षरं जुळवली की झालं, इंग्रजी येण्याची गरज नाही. छपाई बारीक असते, तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. अगदी लहान पुडीवर यादीच नसते, ती मोठ्या खोक्यावर असते. खोकं दुकानदाराने फेकलेलं असतं. मग ती पुडी घ्यायची नाही.

सॉसमध्ये सगळ्यात मोठा धोका सोया सॉसचा. पारंपरिक सोया सॉस बहुतेक वेळा सोयाबीन आणि गहू एकत्र आंबवून करतात. आपण सोयाबीन पिकवणारी माणसं, म्हणून वाटतं सोया म्हणजे सोयाबीन, त्यात गहू कसा येईल? येतो. शेजवान चटणीत, मंचुरियनच्या तयार मसाल्यात आणि इन्स्टंट नूडल्सच्या पुडीत तो लपलेला असतो किंवा त्याच्या जागी गव्हापासून काढलेलं प्रोटीन असतं. बाटलीवर ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ लिहिलं असेल आणि कशापासून ते लिहिलं नसेल, तर ती बाटली सोडा. बंद बाटलीतल्या टोमॅटो सॉसमध्ये मात्र सहसा काही नसतं. दाटपणासाठी १४२२ असा आकडा दिसला तर घाबरू नका, ते स्टार्च बहुधा मक्याचं किंवा टॅपिओकाचं असतं, तरी ‘कन्टेन्स’ची ओळ वाचाच. साधा पांढरा व्हिनेगर चालतो, माल्ट व्हिनेगर जवाचं असतं म्हणून नाही. गाड्यावरचा लाल सॉस कशाने घट्ट केला आहे हे गाडीवाल्यालाही ठाऊक नसतं, तो डब्यातून येतो. मला विचाराल तर ठेचा आणि जवसाची चटणी घरी असताना या बाटल्यांची फार गरजही नाही, पण मुलं-नवरा खातात म्हणून त्या घरात असतात आणि चमचा इकडचा तिकडे जातो.

हिंग घेताना डबी उलटी करा. आपण वापरतो तो मिश्रण केलेला हिंग असतो, शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तसा वापरताच येत नाही. मिसळायला डिंक आणि पीठ घालतात. ते पीठ कधी गव्हाचं, कधी तांदळाचं. तांदळाचं असलेली डबी मिळते, दुकानदाराला मागून ठेवा. तोवर लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. लोणचं, पापड, चाट मसाला, पाचक गोळ्या यांतही हिंग असतो, म्हणून उडदाच्या पापडाच्या पुड्यावरही नजर टाकायची.

चिवडा आणि शेव. यात बहुतेक वेळा घटक दोषी नसतात, कढई दोषी असते. शेव बेसनाची, चिवडा पोह्यांचा, आलूबोंड्याचं वरचं आवरण बेसनाचं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण त्याच तेलात सकाळी समोसे आणि कचोरी तळलेली असते, मैद्याचे कण तेलात सुटून तळाशी बसतात आणि पुढच्या घाण्याला चिकटतात. शिवाय शेव करताना काही जण बेसनात मैदाही घालतात, कुरकुरीतपणासाठी नव्हे, स्वस्ताईसाठी. सांबारवडीच्या पारीत बरेचदा मैदा असतो, म्हणून ती बाहेरची कुठलीच नको. तर्री-पोह्यांत पोहे चांगले, तर्रीतला हिंग आणि वर भुरभुरलेली शेव दोन्ही अनोळखी. चकली भाजणीची म्हणून घेतली तरी भाजणीत कधी कधी गहू असतो, आणि आपल्याकडे वाफवलेल्या कणकेच्या चकल्याही करतात. पुड्यातले साधे खारे आलूचे चिप्स बहुतेक वेळा चालतात, मसाला लावलेल्यांची यादी वाचा. बंद पुड्यातले मक्याचे फुगवलेले दाणे, फुटाणे, भाजलेले फल्लीदाणे, मुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, गुळाची चिक्की हे तुमच्या पर्समध्ये राहू द्या.

एक सोय आपल्याकडे आहे. दुकानातला उपवासाचा कोपरा. उपवासाला लोक गहू खात नाहीत म्हणून साबुदाणा, भगर, अख्खा राजगिरा तिथे सहज मिळतो. पण उपवासाच्या पिठांचे पुडे मात्र यादी वाचूनच घ्या, कारण दळणारी गिरणी तीच असू शकते, आणि उपवासाचा तळलेला चिवडा फरसाणाच्या कढईतूनही आलेला असतो. म्हणजे तिथेही अख्खा दाणा, पीठ नाही.

प्रकृती खराब आहे म्हटल्यावर पाहुणे बिस्किटं, टोस्ट आणि दुधात घालायची ताकदीची पावडर घेऊन येतात. या पावडरी पुष्कळदा जवाच्या माल्टवर केलेल्या असतात आणि चवीला गोड, म्हणून रोज दोन पेले जातात. तुमच्या घरी असा डबा असेल तर आजच त्याचं मागचं पान वाचा. कॉर्नफ्लेक्सचंही तसंच, मका आहे म्हणून घेतात आणि त्यात माल्टचा अर्क निघतो.

पुढच्या बाजाराला तुमच्या पिशवीत एवढंच राहू द्या: निवडून घ्यायची अख्खी ज्वारी, तांदूळ, पोहे, भगर, तूर आणि चणाडाळ, अख्खे मसाले, फल्लीदाणे, गूळ, भाजी. पुड्यातल्या वस्तू सुरुवातीला तीन-चारच, त्यांचे मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि नवा पुडा घेताना जुन्या फोटोशी ताडून बघा, कारण कंपनी तीच राहते आणि यादी बदलते. दुकानात चणाडाळ आणि गव्हाच्या रव्यात एकच पळी फिरत असेल तर बंद पाकिटातली डाळ घ्या, महाग पडली तरी.

टीटीजी लगेच खाली येत नाही, त्याला महिने लागतात. निदानापासून सहा महिन्यांनी ती पुन्हा करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन. आकडा उतरत असेल तर रस्ता बरोबर आहे. उतरत नसेल तर स्वतःला दोष देत बसू नका, पिशवी घेऊन भेटा, जशी दारव्ह्याच्या बाईंनी आणली. घरघंटी आल्यावर सहा महिन्यांनी त्यांची टीटीजी मर्यादेच्या जवळ आली आणि हिमोग्लोबिन ११ झालं. सासूबाई त्या दिवशी सोबत आल्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, “म्हणजे गहू मीच घरात आणत होते काय, ज्वारीच्या पोत्यातून?”